दोन तास वाचवायचे तर एक दार उघडं ठेवा

प्रश्न: "नागपुरात आयटी पार्कला जॉब आहे, ओपन ऑफिस. रोज 10 ते 12 कॅलेंडर ब्लॉक करतो, हेडफोन लावतो, तरी दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन 'दोन मिनटं आहेत का?' विचारतं. नाही म्हटलं की लोक नाराज होतात. काय करू?"

तुमच्या जागी मी काही वर्षांपूर्वी होते, अगदी त्याच 10 ते 12 मध्ये. कॅलेंडर, चॅटचं स्टेटस, फोन सायलेंट हे तुम्ही केलंच असेल, ते सोडते.

माझी घोडचूक सांगते. मी सगळ्या वाटा बंद केल्या आणि खरंच पेटलं तर माझ्यापर्यंत कसं यायचं, हे कुणालाच सांगितलं नाही. आम्ही पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. एका सकाळी क्लायंटची पगाराची फाइल बँकेकडून परत आली. आदल्या संध्याकाळी मीच एका रकान्यातला तारखेचा फॉरमॅट बदलला होता. ज्युनिअर दोनदा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. दोन्ही वेळा मी मान न वळवता हाताचा पंजा दाखवला. बिचारा परत गेला आणि दीड तास भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसला. मला ते एका मिनिटात कळलं असतं. पगार एक दिवस उशिरा गेले. मॅनेजरने माझा ब्लॉक त्याच दिवशी बंद केला आणि त्यांचं बरोबर होतं.

त्याआधी शांत खोलीसाठी एचआरकडे गेले होते. फॉर्म भरा, मंजुरी येऊ द्या, असं करत तीन महिने गेले. खोली मिळाली आणि आठवड्याभरात तिथे मीटिंगा सुरू झाल्या. तक्रार केली तर उत्तर आलं, "मॅडम, सगळ्यांनाच जागा लागते." आजही आठवलं की चीड येते. त्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं एचआर चांगलं असेल तर गोष्ट वेगळी.

मग मी एक आठवडा ब्लॉक न मागता फक्त वहीत नोंद केली: कोण आलं, काय विचारलं, 12 पर्यंत थांबलं असतं का. पाच दिवसांत 41 नोंदी झाल्या. त्यातल्या 26 दोघांच्याच होत्या आणि बहुतेक त्याच त्या: टेस्ट डेटा कुठे आहे, अमुक लॉगिन कसं रीसेट करायचं. खरोखर न थांबणाऱ्या फक्त तीन. त्या दोघांसोबत बसून एका पानावर उत्तरं लिहून काढली. पुढच्या आठवड्यात त्यांचं येणं निम्म्याहून कमी झालं. लोक त्रास द्यायला नाही, अडतात म्हणून येतात. हे मला वही बघून कळलं.

त्यानंतर मॅनेजरकडे वही घेऊन गेले आणि ब्लॉक परत मागितला, पण तीन गोष्टी जोडून. 12 ते 12:30 मी जागेवर मोकळी, कुणीही या. त्या दोन तासांत माझे प्रश्न शेजारचा सहकारी घेईल आणि 3 ते 5 त्याचे मी घेईन. आणि आग लागली तर सरळ फोन करा, नाही उचलला तर लगेच दुसऱ्यांदा करा. फोनच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये एकाच माणसाचा लागोपाठ दुसरा कॉल वाजू देण्याची सेटिंग असते, ती चालू करा. पूर्ण महिन्यात मला असा कॉल दोनदा आला. दोन्ही खरे होते.

तरी कोणी येऊन उभं राहिलंच, तर "दहा सेकंद थांब भाऊ" म्हणा आणि पुढची पायरी कागदावर एका ओळीत लिहा. "रजेची वजावट तपासली, आता ओव्हरटाइम" एवढंच. मग मान वर करा. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात मन अडकून राहतं. पुढे कुठून सुरू करायचं ते लिहून ठेवलं की ते अडकणं कमी होतं, हेही तिच्या नंतरच्या अभ्यासात आलं. माझ्यापुरतं सांगायचं तर, आधी परत रुळावर यायला पंधरा-वीस मिनिटं जायची, आता पाचेक.

वेळेचाही विचार करा. 10 ला लोक येऊन राहिले असतात, मग चहा, तर्री-पोहे. मी एप्रिल-मेमध्ये 8:30 ते 10:30 केलं. ऊन चढायच्या आत पोचायचं, फ्लोअर रिकामा. पण संध्याकाळी दोन तास लवकर निघू देत असतील तरच. नाहीतर तुम्ही फुकट ओव्हरटाइम करून राहिले, असं होईल.

हे सगळं आमच्या नऊ जणांच्या टीममध्ये चाललं. तुम्ही सपोर्ट डेस्कवर असाल तर सलग दोन तास मागू नका, एक सकाळी आणि एक जेवणानंतर असे मागा. आधी आठवडाभर नोंद करा आणि कोणाच्या किती निघाल्या ते इथेच टाका, मग पुढचं बघू.