गल्ल्याला हात न लावता घर चालवायचं तर

प्रिय पोरी,

जूनमध्ये दुकानात उभं राहायला जागा नव्हती, आणि नोव्हेंबरात अब्दुल रहमान स्ट्रीटच्या व्यापाऱ्याचं बिल भागवायला पैसे नाहीत, मग एवढी विक्री गेली कुठे, असं तू विचारलंस. तुझे आकडे मी नीट पाहिले. गिरगावातलं तुझं स्टेशनरीचं दुकान तोट्यात नाही. फक्त भाजी, लाइट बिल, भावाची फी हे सगळं गल्ल्यातून जातं, त्यामुळे नफा किती झाला आणि घरात किती गेला, हे तुला कुठेच दिसत नाही.

म्हणून स्वतःला महिन्याचा ठरावीक पगार दे. खरा प्रश्न आकड्याचा आहे.

जीएसटी वजा जाता तुझी वर्षाची विक्री 48 लाख, म्हणजे महिन्याला सरासरी 4 लाख. त्यातले 3,20,000 मालाचे. उरलेल्या 80,000 मधून भाडं, मदतनीस मुलाचा पगार, वीज, हातगाडी, बँकेचं व्याज असे 45,000 जातात. राहतात 35,000. इथे बरेच जण 35,000 हाच पगार धरतात आणि फसतात. कारण ही सरासरी जूनने वर ओढलेली आहे. परीक्षा संपल्यावर, एप्रिलात, तुझी विक्री 3 लाखांवर येते. नफा 60,000 वजा 45,000, म्हणजे फक्त 15,000. आणि नेमका त्याच महिन्यात जूनसाठी वह्या-दप्तरांचा माल भरावा लागतो.

माझ्या मते तुझा पगार 25,000 असावा. वर्षाचे 3 लाख झाले. नफा 4,20,000, म्हणजे 1,20,000 दुकानात राहतात. त्यातून एप्रिलसारख्या महिन्यांची तूट भरून निघेल, कर लागलाच तर तो भरता येईल आणि उधारीवर कमी माल उचलावा लागेल. घरखर्च 25,000 मध्ये भागत नसेल, तर ते आईसमोर कागदावर मांड. तुमच्या घरात ते बोलणं अवघड आहे, हे मी जाणतो. पण आकडा लपून राहिला तर व्यापाऱ्याची उधारी वाढते, आणि तो पुढच्या मोसमात माल द्यायला कचरतो.

आता करायचं काय ते सांगतो. गुमास्त्याचा कागद आणि उद्यम नोंदणी घेऊन बँकेत जा आणि दुकानाच्या नावाने चालू खातं उघड. काउंटरवरचा क्यूआर कोड आज तुझ्या बचत खात्याला जोडलेला आहे, तो बदलून चालू खात्याला जोड. सगळी सरमिसळ तिथूनच होते. दर महिन्याच्या 5 तारखेला चालू खात्यातून बचत खात्यात 25,000 आपोआप जातील, अशी सूचना बँकेला देऊन ठेव. रात्री गल्ला मोजून सुट्ट्यापुरते पैसे ठेव, बाकी रोकड दुसऱ्या दिवशी खात्यात भर. आईला भाजीसाठी पैसे हवे असतील तर ते बचत खात्यातून द्यायचे. भाच्यासाठी दुकानातून वही-पेन नेलंस, तर खरेदीच्या भावाने उचलवहीत लिही. महिन्याअखेरी तेवढी रक्कम पगारातून कापून घे.

घरात आजारपण आलं तर दुकानातून पैसे घ्यावे लागतील. घे, पण आगाऊ पगार म्हणून लिही आणि पुढच्या महिन्यांत 2,000-3,000 करत परत फेड.

कराबाबत गैरसमज नको. दुकान तुझ्या एकटीच्या मालकीचं आहे, म्हणून हा पगार कायद्याच्या दृष्टीने खर्च धरला जात नाही, ती तुझी उचल असते. कर संपूर्ण 4,20,000 च्या नफ्यावर मोजला जातो, 1,20,000 वर नाही. भागीदारी किंवा कंपनी असती तर नियम वेगळे लागले असते.

पगार जास्त ठरलाय हे कसं ओळखायचं? शिल्लक बघून नाही कळत, जूनमध्ये ती नेहमीच भरलेली दिसते. दर तिमाहीला दोन गोष्टी शेजारी शेजारी मांड: व्यापाऱ्यांचं देणं आणि दुकानातल्या मालाची किंमत. देणं वाढलंय आणि माल तेवढाच आहे, तर तुझ्या पगाराचा काही भाग व्यापाऱ्याच्या पैशातून जातोय. पूर्वी 30 दिवसांत जाणारं बिल 45 दिवसांवर सरकायला लागलं, तर तेव्हाच पगार खाली आण, 60 दिवस व्हायची वाट पाहू नकोस.

आणि वाढवायचा तो वर्षातून एकदाच, दिवाळी पाडव्याला. तोवर जूनच्या मालाची देणी फिटलेली असतात आणि खरं चित्र समोर असतं. जुलैत हातात पैसे खेळताहेत म्हणून वाढवू नकोस.

पुढच्या तीन महिन्यांची उचलवही आणि व्यापाऱ्यांच्या देण्याची यादी मला पाठव. 25,000 ठेवायचे की कमी करायचे, ते त्यावरून ठरवू.

तुझा,
काका