रोज उशिरा येणाऱ्या कारकुनाला ताकीद कशी द्यावी?

"वकीलसाहेब, यवतमाळ जिल्ह्यात माझी जिनिंग आहे. वजनकाट्यावरचा कारकून ९ ची ड्युटी असून महिनाभरापासून उशिरा येतो. म्हणतो, गावची एसटी वेळेवर येत नाही. तोंडी सांगून झालं. आता ई-मेल टाकावा म्हणतो. उद्या तो लेबर कोर्टात गेला तर तो ई-मेल टिकेल का?"

टिकेल, पण 'तुम्ही नेहमीच उशिरा येता' असं लिहाल तर नाही. नेहमी म्हणजे कधी, हाच समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो. त्यामुळे आधी थंब मशीनचा अहवाल काढा आणि मशीनचं घड्याळ बरोबर आहे का ते तपासा. लाइन गेल्यामुळे मशीन बंद होतं त्या दिवसाची नोंद हजेरी रजिस्टरात नसेल, तर तो दिवस सोडून द्या. एक खोटी तारीख बाकीच्या खऱ्या तारखांवरही संशय आणते.

मजकूर साधारण असा ठेवा:

"आपली कामाची वेळ सकाळी ९ आहे. ५ जानेवारीला आपण ९.३५ ला, ८ ला ९.५०, १३ ला ९.४०, १७ ला १०.०५ आणि २२ ला ९.३० ला आलात. एकूण उशीर ३ तास ४० मिनिटे. १४ तारखेला याबाबत तोंडी सूचना दिली होती. आपल्या उशिरामुळे काट्यावर गाड्या खोळंबल्या. अडचण काय आहे, ते ३ दिवसांत लेखी कळवा. एसटीची वेळ जुळत नसल्यास २८ फेब्रुवारीपर्यंत आपली वेळ ९.३० ते ६.३० करता येईल. त्याच दिवशी दुपारी ४ वाजता हजेरीचा एकत्र आढावा घेऊ. सुधारणा न झाल्यास नियमानुसार पुढील कार्यवाही होईल."

वेळ बदलून देताना शेवटची तारीख घातलीच पाहिजे, नाहीतर तीच कायमची ड्युटी ठरल्याचा दावा होतो. 'पुढच्या खेपेला काढून टाकू' असं मात्र लिहू नका. चौकशीआधीच निर्णय ठरला होता, याचा तो आयता पुरावा होतो. कामावरून काढायचं झाल्यास आरोपपत्र आणि चौकशी लागतेच. ही ताकीद त्याची जागा घेत नाही.

पगार कापायचा तर जेवढा वेळ गैरहजर तेवढाच. १५ मिनिटांसाठी अर्धा दिवस कापणं चालत नाही.

काट्यावरचे लोक ई-मेल उघडतातच असं नाही. म्हणून छापील प्रत हातात देऊन तारखेसह सही घ्या. सही नाकारली तर दोन साक्षीदारांसमोर तसा शेरा मारा आणि प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. मूळ ई-मेल डिलीट करू नका. कोर्टात त्याची प्रिंट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आणि दुसरा कुणी तितकाच उशिरा येत असेल, तर त्यालाही असंच पत्र गेलं पाहिजे.