कपाळावरचा लाल डाग : मधोमध की एका बाजूला?

ताई, तुमच्या बाळाच्या कपाळावरचा लाल डाग ते रडले की गडद होतो, म्हणून तो कोणता आणि जाईल का, असे तुम्ही विचारलेत; पण रडताना गडद होण्यावरून काहीच ठरत नाही. विरणारा सामन पॅच आणि न विरणारा पोर्ट-वाइन स्टेन, या दोन्ही प्रकारच्या जन्मखुणांत तसे होते. आधी डागाची जागा आणि कड पाहा. भुवयांच्या मधून कपाळावर चढणारा, फिकट गुलाबी, पुसट कडेचा डाग बहुधा सामन पॅच असतो आणि तो साधारण एक-दोन वर्षांत विरतो. मानेवरचा मात्र केसांखाली कायम राहू शकतो, त्याची चिंता नको.

माझ्या मुलीचा डाग उजव्या कपाळावरून वरच्या पापणीपर्यंत होता आणि मध्यरेषेवर जणू पट्टीने आखल्यासारखा थांबत होता. "जाईल आपोआप," असे घरातले सगळे म्हणत राहिले. तो पोर्ट-वाइन स्टेन निघाला, जो विरत नाही, उलट वयाबरोबर गडद होतो. कपाळ किंवा पापणीवर असा डाग असेल, तर डोळ्यातला दाब वाढण्याचा आणि झटके येण्याचा धोका असतो, म्हणून नेत्रतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञांना पहिल्या काही आठवड्यांतच दाखवावे. डोळा मोठा किंवा धूसर दिसला, तर त्याच दिवशी. लेझरने रंग फिकट होतो, पूर्ण जाईलच असे नाही. दरमहा एकाच खिडकीपाशी, बाळ शांत असताना फोटो काढून ठेवा.