लांब सूर शेवटी का उतरतो?

प्रश्न: बासरीवर लांब सा धरला की आधी चढतो, शेवटी उतरतो. पोटाने जोर कधी लावायचा?

सुरुवातीला अजिबात नाही. छाती भरलेली असताना फुप्फुसं ताणलेल्या रबरासारखी आपणहून आकसतात आणि तेवढाच दाब सुराला जास्त होतो. तेव्हा बरगड्या फुललेल्या धरून ठेवायच्या. श्वास घेणारे स्नायूच इथे ब्रेक लावतात. साधा उच्छ्वास जिथे थांबतो, तिथे हा आयता दाब संपतो. पुढची हवा पोटाचे आणि बरगड्यांमधले आतले स्नायू ढकलतात. बासरीत हवेचा वेग घटला की सूर उतरतो, म्हणून पोट त्याच्या जरा आधीपासूनच हळूहळू आत यायला हवं. बासरी बाजूला ठेवून, बेंबीखाली तळहात धरून लांब ‘स्स’ काढा. हाताला एकदम हिसका जाणवला, तर पोट उशिरा कामाला लागलंय.