हेरेसी, पाखंड आणि निकेआचा एक शब्द

«‘हेरेसी’ला मराठीत ‘पाखंड’ म्हणावं का? आणि ख्रिस्ताच्या स्वरूपावरून चौथ्या शतकातल्या धर्मपरिषदा एवढ्या का भांडल्या? पाखंड ठरायचं कसं?»

‘पाखंड मत’ म्हणा, ‘पाखंडी’ म्हणताना जपा. आजच्या मराठीत पाखंडी म्हणजे ढोंगी, आणि ज्याच्यावरून हा वाद पेटला तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरायस ढोंगी मुळीच नव्हता. ग्रीक ‘हायरेसिस’ म्हणजे निवड, त्यावरून पंथ. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये सदूकी आणि परूशी या यहुदी पंथांसाठी हाच शब्द आहे, शिवी म्हणून नव्हे. अशोकाच्या लेखांतला ‘पासंड’ही तसाच, कुठल्याही पंथाला लागू. दोन्ही शब्द नंतर नासले.

अरायसचं म्हणणं असं: देव अजन्मा, पुत्र म्हणजे ख्रिस्त जन्मलेला, म्हणजे पुत्र नव्हता असंही कधीतरी होतं. मग तो कितीही थोर असला तरी निर्मितीपैकीच. विरोधक विचारत, मग आपण निर्मिलेल्याची उपासना करतो की काय? आणि जो स्वतः निर्मिलेला, तो निर्मिलेल्यांना तारणार कसा? तारणाचा प्रश्न असल्यामुळे कुणीच माघार घेईना.

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेआला परिषद भरवली. तिथे अडचण अशी की बायबलमधला कुठलाही शब्द सुचवा, अरायसच्या बाजूचे तो आपल्या अर्थाने मान्य करत. पुढे अथानासियस लिहितो की ‘देवापासून’ हा शब्दही ते मान्य करायला तयार होते, कारण सगळंच देवापासून आहे! (अथानासियस अरायसच्या विरोधी गटातला, हे मात्र लक्षात ठेवावं.) शेवटी बायबलमध्ये नसलेला ‘होमोऊसिओस’, म्हणजे पित्याशी एकतत्त्व, हा शब्द मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात, घातला. अरायसला तो गिळणं शक्यच नव्हतं. लिबियाच्या दोन बिशपांनीही नकार दिला. तिघेही हद्दपार झाले.

पाखंडाची व्याख्या अशी नकारातून झाली. मतांगीकाराच्या शेवटी बहिष्काराचं कलम जोडलं: पुत्र पित्याहून वेगळ्या ‘हिपोस्टासिस’चा किंवा ‘ऊसिया’चा आहे असं म्हणणारा चर्चबाहेर. तिथे हे दोन्ही शब्द जवळजवळ एकाच, ‘तत्त्व’ या अर्थाने आले होते. पण पुढच्या पन्नासेक वर्षांत निकेआ मानणारा सनातनी पक्षच ‘ऊसिया एक, हिपोस्टासिस तीन’, म्हणजे तत्त्व एक पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या व्यक्ती तीन, असं शिकवू लागला. शब्दशः धरलं तर निकेआचं कलम त्यांच्याच अंगाशी येतं! ३६२ साली अलेक्झांड्रियाच्या सभेने एक हिपोस्टासिस म्हणणारे आणि तीन म्हणणारे अशा दोन्ही पक्षांना अर्थ विचारून घेतला आणि दोघांनाही मान्य केलं. ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या मतांगीकारात तर ते कलमच नाही.

मधल्या काळात सम्राट बदलला की पाखंडी बदलत. ३५९ साली सम्राट कॉन्स्टँशियसने भरवलेल्या परिषदांतून ‘ऊसिया’ हा शब्दच वर्ज्य ठरला. सम्राट थिओडोसियसने ३८० च्या फर्मानात सोपी कसोटी लावली: रोमचा बिशप दामासस आणि अलेक्झांड्रियाचा बिशप पीटर मानतात तो धर्म खरा, बाकीच्यांवर पाखंडी हा शिक्का.