धुऊन गेलीस, तिथेच चुकलं

ताई, मी ३१ वर्षांची आहे. दोन वर्षं ‘पीएच ३.५’ लिहिलेला इंटिमेट वॉश वापरते. तरी पाळीनंतर मासळीसारखा वास येतो, म्हणून आता दिवसातून दोनदा वापरते, थोडा आतूनही. डॉक्टरांकडे गेले होते, अर्थातच आधी नीट धुऊन. त्यांना काही आढळलं नाही. नेमका कोणत्या पीएचचा वॉश घ्यावा?
– स., नाशिक

प्रिय स.,

त्या ‘अर्थातच’वर मी अडून बसले आहे. अगं, डॉक्टरांना जे बघायचं होतं तेच तू धुऊन टाकलंस! असा वास सांगितला की त्या आधी स्राव बघतात: पातळ, करडट आहे का. मग थेंबभर स्राव पीएचच्या कागदावर लावतात, थोडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुझ्या बाबतीत त्या कागदाने कदाचित तुझ्या बाटलीतलंच आम्ल मोजलं असतं.

पीएच म्हणजे आम्लतेचं माप. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली. त्याखाली एकेक आकडा उतरला की आम्लता दहापट वाढते. पाळी येण्याच्या वयात योनीमार्गाचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. हे आम्ल तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू स्वतः बनवतात. बाटलीतलं आम्ल थोड्या वेळात निघून जातं, आणि आतून धुताना हे जिवाणूही वाहून जातात. ते कमी झाले की दुसरे जिवाणू माजतात, पीएच ४.५च्या वर जातो आणि मासळीसारखा वास येतो. पाळीचं रक्त ७.४च्या आसपास असतं, म्हणून तो तेव्हा जास्त जाणवतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. तुला तेच असावं असं मला वाटतं, पण ठरवायचं तपासणीने. (खाज सुटून दह्यासारखं पांढरं जात असेल तर ती बहुधा बुरशी. तिचं औषध वेगळं, आणि तिच्यात पीएच बहुतेकदा बिघडतही नाही.)

म्हणून कोणताच वॉश घेऊ नकोस. पाळी संपल्यानंतरच्या दिवसाची पुन्हा त्याच डॉक्टरांची वेळ घे. आधीचे दोन दिवस आत काही घालायचं नाही, संबंधही नकोत. बाहेरून रोजची आंघोळ चालेल. खुर्चीत बसल्या बसल्या सांग, “मागच्या वेळी मी धुऊन आले होते, आज नाही.” वासाची लाज वाटेल, मला कळतं गं. पण त्यांना तोच वास हवा आहे. निदान ठरलं तर बहुतेकदा मेट्रोनिडाझोल देतात, गोळ्या किंवा आत लावायचं जेल. दिलेले दिवस पूर्ण कर. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर तेही आधी सांग.

स्त्रीरोगतज्ज्ञ रोजच्यासाठी एवढंच सांगतात: बाहेरचा भाग साध्या पाण्याने, हाताने धुवायचा. साबण हवाच असेल तर बिनवासाचा, सौम्य, तोही फक्त बाहेर. योनीमार्ग आपला आपण स्वच्छ होतो.

वेळ आजच घे.

– तुझी ताई