भागीदारानं दुकानाला दिलेलं कर्ज: तोटा असला तरी व्याज लागतंच, आणि एन्ट्री अशा पडतात

"गावात आमचं दोघांचं कृषी केंद्र आहे, भागीदारी निम्मी-निम्मी. 1 जूनला बियाणं-खत भरायला मी माझे 4 लाख दुकानात टाकले, 1 डिसेंबरला त्यातले 1 लाख परत घेतले. टॅलीवाल्या पोरानं सगळं माझ्या कॅपिटलमध्येच धरलं. डीडमध्ये भागीदाराच्या कर्जाला 9 टक्के व्याज लिहिलं आहे, पण पार्टनर म्हणतो यंदा तोटा आहे, व्याज कसलं? बरोबर कोण, आणि एन्ट्री कशी करायची?"

भाऊ, तुमचा पार्टनर खोटं नाही बोलत, फक्त एका गोष्टीचा नियम दुसरीला लावतोय. नफा असेल तरच व्याज, हा नियम भांडवलावरच्या व्याजाचा आहे. 1932 चा भागीदारी कायदा, कलम 13. त्यात लागोपाठ दोन ओळी आहेत, एक म्हणते भांडवलावर व्याज ठरलेलं असेल तर ते फक्त नफ्यातून द्यायचं, आणि लगेच पुढची म्हणते की ठरलेल्या भांडवलाच्या वर एखाद्या भागीदारानं धंद्यासाठी पैसे दिले तर त्याला त्यावर वर्षाला 6 टक्के व्याज मिळण्याचा हक्क आहे. या दुसऱ्या ओळीत नफ्याची अट नाही. डीडमध्ये वेगळा दर असला की तो दर, म्हणजे तुमच्याकडं 9. काहीच लिहिलेलं नसतं तरी 6 लागलेच असते.

आता "ठरलेल्या भांडवलाच्या वर" हे शब्द नीट धरा, सगळं त्यावरच उभं आहे. डीड काढा आणि भांडवलाचं कलम बघा. तिथं "प्रत्येकी अडीच लाख" असा आकडा असेल आणि तुमचे अडीच लाख आधीच जमा असतील तर जूनचे 4 लाख हे उघड कर्ज आहे. पण आपल्याकडच्या बऱ्याच डीडमध्ये "भांडवल भागीदार वेळोवेळी आणतील तसे" असं मोघम लिहून ठेवलेलं असतं, आणि मग कर्ज का भांडवल हे ठरवायला खात्यातली एन्ट्रीच पुरावा होते. म्हणून त्या पोरानं केलेली चूक साधी नाही, तुमचा हक्कच त्यानं कॅपिटलखाली दाबून टाकला. दोघांच्या सहीचं एक साधं पत्र करून घ्या: तारीख, रक्कम, कोणत्या बँकेतून आली, दर, आणि ही रक्कम भांडवल नाही. माझ्याकडं एका दालमिलचा हिशोब आला होता, मेहुणे-मेहुणे भागीदार, एकानं दिलेले पैसे तीन वर्षं कॅपिटलमध्ये पडून होते आणि परत घेतलेले हप्ते ड्रॉइंगमध्ये. वेगळे व्हायची वेळ आली तेव्हा दुसरा म्हणे तू तर घरखर्चाला पैसे उचलले, कर्ज कुठलं? कागद एकही नव्हता, आणि देणाऱ्याला शेवटी व्याजावर पाणी सोडावं लागलं.

आता एन्ट्री. तुमच्या नावाचे दोन लेजर ठेवायचे, एक `Capital Account` ग्रुपमध्ये, दुसरं "भागीदार कर्ज खाते" म्हणून `Unsecured Loans` ग्रुपमध्ये. वर्षाचा हिशोब अजून पक्का झाला नसेल तर वेगळी दुरुस्ती एन्ट्री टाकत बसू नका, जूनची मूळ पावती उघडा आणि कॅपिटलच्या जागी कर्ज खातं निवडा, डिसेंबरच्या पेमेंटलाही तेच करा. रिटर्न भरून झालं असेल तर मात्र जुन्या वर्षाला हात न लावता चालू वर्षात जर्नल टाका, भांडवल नावे आणि कर्ज जमा, जेवढी शिल्लक असेल तेवढी. बरोबर पडल्या तर दोन एन्ट्री अशा दिसतात:

1 जून: बँक खाते नावे 4,00,000, भागीदार कर्ज खाते जमा 4,00,000.
1 डिसेंबर: भागीदार कर्ज खाते नावे 1,00,000, बँक खाते जमा 1,00,000.

परतफेडीचा नफा-तोट्याशी काहीच संबंध नाही, फक्त देणं कमी झालं. पैसे चुकाऱ्याचे रोख मिळाले म्हणून तसेच गल्ल्यात टाकले असं मात्र करू नका. आयकर कायद्यात 20 हजार किंवा वरचं कर्ज रोखीत घ्यायला आणि रोखीत फेडायला बंदी आहे, दंड रकमेएवढा बसू शकतो. भागीदार आणि फर्म यांना ते लागू होतं का यावर वाद घालत बसण्यापेक्षा तुमच्या खात्यातून दुकानाच्या खात्यात ट्रान्सफर केलेलं केव्हाही बरं.

व्याजाचा हिशोब. जून ते नोव्हेंबर सहा महिने 4 लाख होते, 9 टक्क्यांनी त्याचे 18,000. डिसेंबर ते मार्च चार महिने 3 लाख, त्याचे 9,000. एकूण 27,000. इथं पोरं हमखास चुकतात, एक तर पूर्ण वर्षाचं 36,000 लावतात किंवा मार्चची शिल्लक 3 लाख बघून त्यावरच 27,000 काढतात. दुसऱ्या पद्धतीनं योगायोगानं तुमचा आकडा तोच येतो, म्हणून चूक लक्षातच येत नाही, पण पुढच्या वर्षी तारखा बदलल्या की उघडी पडते. म्हणून प्रत्येक शिल्लक किती दिवस किंवा किती महिने राहिली ते कागदावर लिहूनच काढा. दिवसांनी काढलं तर काही रुपयांचा फरक येईल, दोघांनी एक पद्धत ठरवा आणि दरवर्षी तीच वापरा.

आता टीडीएस, ही गोष्ट नवीन आहे म्हणून गावाकडं बऱ्याच जणांना माहीत नाही. आधी फर्मनं भागीदाराला दिलेल्या व्याजावर टीडीएस नव्हता. 1 एप्रिल 2025 पासून 1961 च्या आयकर कायद्यात कलम 194टी आलं, त्यात भागीदाराला मिळणारा पगार, कमिशन, बोनस, आणि कुठल्याही खात्यावरचं व्याज, सगळं मिळून वर्षात 20 हजारांच्या वर गेलं की 10 टक्के कापायचे. कर्जावरचं व्याजही त्यात येतं. तुमचे 27,000 म्हणजे वर गेले, आणि वर गेले की पूर्ण रकमेवर कापायचे, फक्त 7,000 वर नाही. 2,700 रुपये. डीडमध्ये दर नसता आणि 6 टक्क्यांनी 18,000 निघाले असते तर एकट्या व्याजावर कापावं लागलं नसतं, पण सोबत पगार घेत असाल तर तोही मोजा. आणि एन्ट्री जमा केली त्याच दिवशी कापायचं, पैसे हातात दिले नाहीत हे कारण चालत नाही. दुकानाचा टॅन नंबर नसेल तर आधी काढून घ्या.

31 मार्चची एन्ट्री जर्नलमध्ये, `F7` दाबून:

भागीदार कर्जावरील व्याज नावे 27,000
भागीदार व्याज देणे जमा 24,300
टीडीएस देणे जमा 2,700

पहिलं खातं `Indirect Expenses` मध्ये, दुसरं `Current Liabilities` मध्ये, तिसरं `Duties & Taxes` मध्ये. व्याज थेट कर्ज खात्यालाही जमा करता येतं, पुस्तकात तसंही दाखवतात, पण मला ते आवडत नाही, कारण पुढच्या वर्षी मुद्दल फुगतं आणि नकळत व्याजावर व्याज चढतं, आणि आयकरात भागीदाराच्या व्याजाची जी वजावट मिळते ती 12 टक्के सरळव्याजापर्यंतच. वेगळं ठेवलं की कर्ज खात्यात 31 मार्चला बरोबर 3 लाख दिसतात. तीच तुमची तपासणी. तिथं 4 लाख दिसले आणि ड्रॉइंगमध्ये 1 लाख दिसला तर परतफेड चुकीच्या खात्यात गेली समजा. मार्चचा टीडीएस 30 एप्रिलपर्यंत भरायचा (टीडीएस देणे नावे, बँक जमा), आणि तुम्हाला पैसे द्याल त्या दिवशी व्याज देणे नावे 24,300, बँक जमा.

व्याज नफा-तोटा खात्यात खर्च म्हणून जातं, त्याखालच्या वाटणीच्या खात्यात नाही. वाटणीच्या खात्यात भांडवलावरचं व्याज, पगार, नफ्याची वाटणी असतं. पार्टनरला समजवायचं असेल तर ही आकडेमोड त्याच्यासमोर करा. समजा व्याजाआधी दुकानाला 10,000 तोटा आहे. व्याज धरून तोटा 37,000, दोघांना 18,500 प्रत्येकी. तुम्हाला 27,000 व्याज मिळतं आणि 18,500 तोटा बसतो, म्हणजे 8,500 वर राहता. त्याला 18,500 तोटा. व्याज धरलंच नाही तर दोघांना 5,000 तोटा. म्हणजे व्याजानं त्याच्यावर 13,500 चा भार वाढतो, 27,000 चा नाही, कारण अर्धं व्याज तुम्ही स्वतःच सोसताय. हे कळलं की बहुतेक माणसं मानतात. आणि हेही सांगा की तेच 4 लाख गावच्या सावकाराकडून आणले असते तर तोट्याच्या वर्षातही व्याज गेलंच असतं, आणि दरही वेगळाच असता.

व्याजाची वजावट दुकानाला मिळायची तर डीडमध्ये अधिकार हवाच, आणि तोही त्या तारखेच्या आधीपासून. तुमच्या डीडमध्ये आहे म्हणून 9 टक्के पूर्ण मिळतील. ज्यांच्या डीडमध्ये काहीच नाही त्यांनी आज पुरवणी डीड करून मागच्या जूनपासूनचं व्याज खर्चात टाकू नये, आयकर मागच्या तारखेचं मानत नाही. भागीदारी कायद्यानं 6 टक्के देणं लागतं पण आयकरात वजावट नाही, अशी अडचण तिथंच होते. आणि तुमच्या रिटर्नमध्ये हे 27,000 बँकेच्या व्याजासारखे इतर उत्पन्नात नको, धंद्याच्या उत्पन्नात दाखवा, कापलेले 2,700 भरायच्या करातून वजा मागा.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. वेगळं खातं ठेवलं म्हणून तुम्ही बाहेरच्या घेणेकऱ्याच्या रांगेत उभे राहत नाही. दुकान बंद झालं तर भागीदारी कायद्याच्या कलम 48 प्रमाणं आधी डिस्ट्रिब्युटर, बँक, बाहेरची सगळी देणी, मग तुमचं कर्ज, त्यानंतर दोघांची भांडवलं. कर्ज भांडवलाच्या आधी आहे, पण खताच्या कंपनीच्या मागे आहे. म्हणून शेतकऱ्यांची उधारी वसूल होण्याआधी पुढच्या खरिपाला पुन्हा पैसे टाकाल तर हे डोक्यात असू द्या.

1 एप्रिलला 3 लाखांवरच पुढचं व्याज सुरू करा, 3,24,300 वर नाही.